बँक गॅरंटीवर तीन तारखा असतात, मग अनामत परत कधी मागायची?

सरकारी काम घेतलेला छोटा ठेकेदार असो किंवा कार्यालयाला माल पुरवणारा दुकानदार, त्याचे काही ना काही पैसे अनामत म्हणून कुठेतरी अडकलेले असतात. कुठे निविदा भरताना दिलेली बयाणा रक्कम असते, कुठे बँक गॅरंटी. काम संपतं, बिल निघतं, आणि अनामतीचा कागद फाइलमध्ये राहून जातो. दोन वर्षांनी कुणीतरी विचारतं, "ते पैसे आले का परत?" तेव्हा शोधाशोध सुरू होते.

हे टाळण्यासाठी अनेक ठिकाणी अनामत नोंदवही ठेवली जाते. तिचे मुख्य रकाने तीनच : रक्कम, वैधता आणि परताव्याची तारीख. दिसायला सोपं वाटतं. पण नोंद करणारा माणूस बँक गॅरंटी हातात घेतो, तिच्यावरची सगळ्यात शेवटची तारीख शोधतो आणि तीच परताव्याच्या रकान्यात लिहून मोकळा होतो. गडबड इथेच होते, कारण परताव्याची तारीख बँक गॅरंटीवर छापलेलीच नसते. ती करारातून काढावी लागते.

ती कशी काढायची, हे एका उदाहरणातून पाहू.

उदाहरणातलं काम

समजा, एका नगर परिषदेने शाळेच्या छताच्या दुरुस्तीची निविदा काढली. अंदाजित खर्च ४० लाख रुपये. एका स्थानिक ठेकेदाराने ती भरली आणि ३८ लाखांना काम त्याला मिळालं. करारातल्या आपल्या कामाच्या अटी अशा :

- बयाणा रक्कम ४०,००० रुपये, ऑनलाइन भरायची.
- काम मिळाल्यावर कराराच्या ५ टक्के, म्हणजे १,९०,००० रुपयांची सुरक्षा अनामत बँक गॅरंटीच्या रूपात द्यायची.
- काम ९ महिन्यांत पूर्ण करायचं.
- काम पूर्ण झाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून २४ महिने दोषदायित्व कालावधी. म्हणजे या काळात छत गळलं तर ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचं.
- बँक गॅरंटी दोषदायित्व कालावधी संपल्यानंतर आणखी ६० दिवस वैध हवी.

यातली ६० दिवसांची अट बऱ्याच निविदांमध्ये दिसते. केंद्र सरकारच्या सामान्य वित्तीय नियम २०१७ मध्येही नियम १७१ असं सांगतो, की वॉरंटीसकट सगळ्या जबाबदाऱ्या संपल्यानंतर ६० दिवसांपर्यंत ही हमी वैध असावी. राज्य सरकारं, नगर परिषदा आणि महामंडळं यांच्या अटी वेगळ्या असू शकतात. म्हणून दिवस मोजताना नेहमी आपल्या हातातल्या निविदेची अट धरायची.

आधी सोपा कागद : बयाणा रकमेची पावती

ऑनलाइन निविदा भरल्यावर पावती निघते. आपल्या ठेकेदाराच्या पावतीवर एकूण ४१,१८० रुपये दिसतात. नोंदवहीत हा आकडा जसाच्या तसा गेला तर ती पहिली चूक. यातले १,१८० रुपये निविदा शुल्काचे आहेत आणि ते परत मिळत नाहीत. अनामत फक्त ४०,००० रुपये. म्हणून पावतीवर एकूण रकमेच्या वर किंवा खाली तिची फोड दिली आहे का, ते पाहायचं. फोड नसेल तर निविदा सूचनेतले दोन्ही आकडे काढून ताळा करायचा.

या पावतीवर वैधतेची तारीख नसते. पैसे रोख गेलेले असतात, त्यामुळे मुदत संपण्याचा प्रश्नच नाही. वैधतेच्या रकान्यात "लागू नाही" असं लिहायचं. रकाना रिकामा ठेवला तर नंतर पाहणाऱ्याला वाटतं, की नोंद राहून गेली आहे.

परताव्याची तारीख मात्र दोन प्रकारे ठरते. काम न मिळालेल्यांना बयाणा रक्कम निविदेचा निकाल लागल्यावर परत मिळायला हवी. केंद्राच्या नियमांनुसार, काम दुसऱ्याला दिल्यापासून जास्तीत जास्त ३० दिवसांत. ज्याला काम मिळालं, त्याला ती सुरक्षा अनामत जमा केल्यावर परत मिळते. आपल्या ठेकेदाराने बँक गॅरंटी ३ जून २०२४ ला जमा केली. म्हणजे त्या दिवसापासून ४०,००० रुपये परत मागता येतात. नोंदवहीत तीच तारीख येईल.

एक गोष्ट करारात तपासायला हवी. काही कार्यालयं बयाणा रक्कम परत न करता सुरक्षा अनामतीत वळती करून घेतात. तसं असेल तर ही ओळ बंद करून "सुरक्षा अनामतीत वळती" असा शेरा लिहायचा. नाहीतर तेच ४०,००० रुपये नोंदवहीत दोनदा दिसतात आणि वर्षअखेरीला येणं फुगलेलं दिसतं.

बँक गॅरंटी : वाचन शेवटाकडून सुरू करा

बँक गॅरंटी म्हणजे बँकेने नगर परिषदेला दिलेलं वचन : या ठेकेदाराने करार पाळला नाही आणि तुम्ही मागणी केली, तर अमुक रकमेपर्यंत पैसे आम्ही देऊ. ती सहसा विनाअट असते. मागणी आली की ठेकेदाराचं म्हणणं काय आहे, हे बँक विचारत बसत नाही.

ही दोन-तीन पानांची असते, बहुतेकदा इंग्रजीत आणि वकिली भाषेत. सगळी वाचायला हवीच, पण नोंदीसाठी लागणारी माहिती शेवटी एका ठिकाणी मिळते. शेवटच्या पानाजवळ 'नॉटविथस्टँडिंग' या शब्दाने सुरू होणारा एक परिच्छेद असतो. त्याचा अर्थ, "वर काहीही लिहिलेलं असलं तरी". म्हणजे आधीच्या मजकुरात काहीही असो, बँक या परिच्छेदापुरतीच बांधील राहते. त्यात सहसा तीन वाक्यं असतात :

पहिलं, बँकेची जबाबदारी अमुक रकमेपेक्षा जास्त असणार नाही. दुसरं, ही हमी अमुक तारखेपर्यंत वैध आहे. तिसरं, अमुक तारखेला किंवा त्याआधी लेखी मागणी आली तरच बँक पैसे देईल.

आपल्या ठेकेदाराच्या गॅरंटीत या परिच्छेदात असं आहे : रक्कम १,९०,००० रुपये, वैधता ८ मे २०२७ पर्यंत, लेखी मागणी ८ मे २०२८ पर्यंत. पहिल्या पानावर गॅरंटी दिल्याची तारीख आहे, ३ जून २०२४. झाल्या तीन तारखा.

पहिल्या पानावरचे आकडे या परिच्छेदाशी जुळतात का, ते लगेच पाहायचं. रक्कम अंकांत एक आणि अक्षरांत दुसरी, असं आढळलं तर नोंद थांबवून बँकेकडून दुरुस्ती मागायची. ज्याच्या नावे हमी दिली आहे ते नाव, उदाहरणार्थ "मुख्याधिकारी, नगर परिषद", आणि निविदा क्रमांक निविदेतल्यासारखेच असायला हवेत. त्यात चूक असेल तर कार्यालय गॅरंटी स्वीकारत नाही आणि कार्यारंभ आदेश अडून राहतो.

वैधता आणि मागणीची मुदत यांत फरक काय?

सगळ्यात जास्त गोंधळ याच दोन तारखांचा होतो. शाळेच्या छतावरूनच समजून घेऊ.

वैधता ८ मे २०२७ पर्यंत आहे. समजा, एप्रिल २०२७ मध्ये अवकाळी पावसात छत गळलं, कार्यालयाने नोटीस दिली आणि ठेकेदार आलाच नाही. ही कसूर वैधतेच्या काळात घडली. तिच्यासाठी नगर परिषद ८ मे २०२८ पर्यंत बँकेकडे लेखी मागणी करू शकते. मागणीची मुदत म्हणजे एवढंच : आधी घडलेल्या कसुरीबद्दल पैसे मागायला मिळालेला जास्तीचा वेळ.

पण छत जुलै २०२७ मध्ये गळलं तर? तेव्हा वैधता संपलेली असेल. मागणीची मुदत पुढच्या वर्षापर्यंत आहे म्हणून जुलैची गळती या हमीत बसत नाही.

म्हणून वैधतेच्या रकान्यात ८ मे २०२७ हीच तारीख लिहायची. मागणीच्या मुदतीसाठी वेगळा रकाना हवा. दोन्हींसाठी एकच रकाना ठेवला, तर कधी एक तारीख लिहिली जाते, कधी दुसरी.

मागणीची मुदत बऱ्याचदा वैधतेनंतर एक वर्षाची का असते? भारतीय करार कायद्याच्या कलम २८ मध्ये एक तरतूद जोडण्यात आली आणि ती जानेवारी २०१३ पासून लागू झाली. बँक गॅरंटीखालचा हक्क ठरावीक काळानंतर संपेल अशी अट बँकांना घालता येते, पण तो काळ किमान एक वर्षाचा हवा, असं ती सांगते. त्यामुळे अनेक बँका मागणीची मुदतच एक वर्षाची ठेवू लागल्या. २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की हे एक वर्ष कोर्टात हक्क बजावण्याच्या काळाबद्दल आहे आणि मागणीची मुदत त्याहून कमी असू शकते. म्हणून काही गॅरंटींमध्ये ती तीन किंवा सहा महिन्यांचीही दिसेल. अंदाज न करता कागदावर जे आहे तेच लिहायचं.

मग परताव्याची तारीख कुठून आली?

आता करार उघडायचा. कार्यारंभ आदेश १० जून २०२४ चा. नऊ महिने म्हणजे काम ९ मार्च २०२५ पर्यंत संपायला हवं. दुसऱ्या दिवसापासून २४ महिने मोजले की दोषदायित्व कालावधी ९ मार्च २०२७ ला संपतो. त्यात ६० दिवस मिळवले की ८ मे २०२७. गॅरंटीवरची वैधता अशी आली आहे.

पण ठेकेदाराची जबाबदारी ९ मार्च २०२७ ला संपते. पुढचे ६० दिवस कार्यालयाच्या सोयीसाठी आहेत : शेवटची पाहणी करायची, दोष असेल तर पत्रव्यवहार करायचा. म्हणजे अनामत परत मागण्याचा अर्ज १० मार्च २०२७ ला देता येतो. परताव्याच्या रकान्यात ही तारीख येईल आणि तिच्यापुढे "अपेक्षित" असा शब्द लिहायचा. कारण हा सगळा हिशेब काम वेळेत संपेल असं धरून केलेला आहे.

काम लांबलं की पुढचं सगळं सरकतं

आपल्या उदाहरणात काम वेळेत संपलं नाही. शाळेच्या परीक्षा आल्या, मग पाऊस लागला. कार्यालयाने मुदतवाढ दिली आणि काम पूर्ण झाल्याचा दाखला २० ऑगस्ट २०२५ चा मिळाला.

दोषदायित्व कालावधी करारातल्या तारखेपासून मोजला जात नाही. तो प्रत्यक्ष काम पूर्ण झाल्यापासून मोजला जातो. म्हणजे २१ ऑगस्ट २०२५ ते २० ऑगस्ट २०२७. परतावा मागण्याची तारीख झाली २१ ऑगस्ट २०२७. आणि गॅरंटी वैध हवी १९ ऑक्टोबर २०२७ पर्यंत.

फाइलमधली गॅरंटी मात्र अजूनही ८ मे २०२७ लाच संपते. मधल्या पाच महिन्यांत २०२७ चा अख्खा पावसाळा येतो, म्हणजे छत गळण्याची शक्यता सगळ्यात जास्त असलेला काळ. त्या काळात नगर परिषदेच्या हातात काहीच हमी नाही.

जागरूक कार्यालय असं होऊ देत नाही. वैधता संपण्याआधी ते बँकेला पत्र लिहितं : गॅरंटीची मुदत वाढवा, नाहीतर १,९०,००० रुपये जमा करा. बँक ठेकेदाराला कळवते. त्याने वेळेत हालचाल केली नाही तर बँक पैसे भरून मोकळी होते. मग बँक त्याची मार्जिन म्हणून ठेवलेली मुदत ठेव वळती करून घेते आणि उरलेली रक्कम त्याच्या नावे कर्ज म्हणून उभी राहते, व्याजासकट. छताला एकही तडा गेलेला नसताना हे घडू शकतं, केवळ एक तारीख बदलली गेली नाही म्हणून.

म्हणून काम पूर्ण झाल्याचा दाखला आला की त्याच दिवशी अनामत नोंदवही उघडायची. परताव्याची तारीख नव्याने काढायची, ती गॅरंटीच्या वैधतेशी ताडून पाहायची आणि वैधता कमी पडत असेल तर मुदतवाढीची नोंद लावायची. जुनी तारीख खोडरबराने पुसायची नाही. तिच्यावर एक रेघ मारून शेजारी नवी तारीख, कारण आणि सही. संगणकावर नोंद असेल तर नवी ओळ घालून जुनीचा क्रमांक शेऱ्यात द्यायचा. दोन वर्षांनी तारीख का बदलली, हे कुणीतरी विचारणारच असतं.

मुदतवाढीचं पत्र वाचताना

बँक मुदत वाढवते तेव्हा नवी गॅरंटी देत नाही. एका पानाचं दुरुस्तीपत्र देते. त्यात लिहिलेलं असतं, की वैधता आता १९ ऑक्टोबर २०२७ पर्यंत आणि बाकीच्या सगळ्या अटी पूर्वीप्रमाणे.

"पूर्वीप्रमाणे" या शब्दावर थांबायचं. मागणीची मुदत ८ मे २०२८ होती. ती वाढवल्याचा उल्लेख नसेल तर वैधता संपल्यानंतर मागणीसाठी उरलेला वेळ एक वर्षावरून सात महिन्यांच्या आत येतो. कार्यालयाची अट एक वर्षाची असेल तर ते हे पत्र परत पाठवेल. म्हणून दुरुस्तीपत्रात दोन्ही नव्या तारखा स्पष्ट आहेत का, ते पाहूनच नोंद करायची. उदाहरणात मागणीची नवी मुदत १९ ऑक्टोबर २०२८.

शिवाय बँकेने गॅरंटी दिल्याची किंवा बदलल्याची खातरजमा कार्यालयाच्या बँकेकडे एसएफएमएस या बँकांच्या आपसातल्या संदेश यंत्रणेतून जाते. अनेक कार्यालयं ती आल्याशिवाय कागद ग्राह्य धरत नाहीत, कारण बनावट गॅरंटीची प्रकरणं झालेली आहेत. खातरजमा गेल्याची तारीख शेऱ्यात लिहून ठेवली की "आम्हाला मिळालंच नाही" या उत्तराला लगेच प्रत्युत्तर देता येतं.

रकमेच्या रकान्यात नेमकं काय लिहायचं?

गॅरंटी १,९०,००० रुपयांची आहे, पण ठेकेदाराच्या खिशातून एवढे पैसे गेलेले नाहीत. समजा, बँकेने २५ टक्के मार्जिन घेतलं, म्हणजे ४७,५०० रुपयांची मुदत ठेव करून तिच्यावर आपला बोजा नोंदवला. वर कमिशन आणि त्यावरचा जीएसटी घेतला.

हे तीन वेगळे आकडे आहेत. १,९०,००० ही हमीची रक्कम, म्हणजे जास्तीत जास्त धोका. ४७,५०० ही खरोखर अडकलेली आणि परत मिळणारी रक्कम. कमिशन हा खर्च आहे, तो कधीच परत येत नाही आणि त्याची जागा अनामत नोंदवहीत नाही. हमीची रक्कम आणि मार्जिन वेगवेगळ्या रकान्यांत लिहायचं आणि मुदत ठेवीच्या पावतीचा क्रमांक शेजारी द्यायचा. त्या पावतीवर ठेवीची मुदतपूर्तीची तारीख असते. पण बोजा असेपर्यंत ठेव मोडता येत नाही, त्यामुळे तीही परताव्याची तारीख नव्हे.

बिलातून कापली जाणारी अनामत असेल तर तिची वेगळी पावती मिळतच नाही. प्रत्येक रनिंग बिलाच्या कपातीच्या यादीत आयकर, जीएसटी, कामगार उपकर यांच्या रांगेत ती एक ओळ असते. फक्त तीच ओळ अनामत नोंदवहीत घ्यायची आणि बिल क्रमांकालाच पावती क्रमांक मानायचं. बाकीच्या कपाती अनामत म्हणून परत येत नाहीत.

तारखेच्या दोन छोट्या अडचणी

८ मे २०२७ या तारखेला कॅलेंडरमध्ये पाहा. तो महिन्यातला दुसरा शनिवार आहे आणि त्या दिवशी बँका बंद असतात. "त्या तारखेपर्यंत" असं लिहिलेलं असताना शेवटच्या दिवशी मुदतवाढ घ्यायला गेलेला माणूस बंद दारापुढे उभा राहील. म्हणून तारीख लिहिताना वारही लिहायचा आणि आठवणीची तारीख किमान ६० दिवस आधीची ठेवायची. मुदतवाढीसाठी अर्ज, मुद्रांक, बँकेची मंजुरी आणि कमिशन या सगळ्याला वेळ लागतो.

दुसरी अडचण संगणकाची. 08/05/2027 असं टाइप केलं आणि संगणक अमेरिकी पद्धतीवर ठेवलेला असेल, तर तो ही तारीख ५ ऑगस्ट समजतो. चूक दिसतही नाही, कारण ५ ऑगस्ट हीसुद्धा खरीच तारीख आहे. दिवस १२ च्या पुढचा असेल तर गडबड लक्षात येते, बाकी वेळी नाही. महिना अक्षरांत दिसेल अशी मांडणी ठेवली, म्हणजे "०८ मे २०२७", की चूक लगेच डोळ्यांत भरते.

कागद परत आला नाही तर पैसे सुटत नाहीत

२० ऑगस्ट २०२७ ला दोषदायित्व कालावधी संपतो. दुसऱ्या दिवशी शनिवार आहे, म्हणून अर्ज सोमवारी, २३ ऑगस्टला जाईल. अर्जासोबत काम पूर्ण झाल्याचा दाखला आणि गॅरंटीची प्रत जोडायची आणि दोन गोष्टी मागायच्या : मूळ गॅरंटी दुरुस्तीपत्रासह परत, आणि "आमची काही मागणी नाही, हमी रद्द करावी" असं बँकेच्या नावे पत्र.

अनेकांना वाटतं, की वैधता संपली की बँक मुदत ठेव आपोआप सोडते. तसं सहसा होत नाही. मूळ कागद किंवा कार्यालयाचं पत्र हातात येईपर्यंत मागणीची मुदत चालू आहे, असं बँक धरते. उदाहरणात ती १९ ऑक्टोबर २०२८ पर्यंत आहे. म्हणजे ऑगस्ट २०२७ मध्ये अर्ज केला नाही, तर ४७,५०० रुपये आणखी सुमारे १४ महिने अडकून राहतात.

२०२२ पासून नॅशनल ई-गव्हर्नन्स सर्व्हिसेस या संस्थेच्या मंचावरून इलेक्ट्रॉनिक बँक गॅरंटीही दिली जाते. तिला मूळ कागद नसतो, त्यामुळे तो हरवण्याची भीती नाही. पण कार्यालयाने हमी सोडल्याची नोंद करावीच लागते, आणि वैधता व मागणीची मुदत तिच्यातही तशाच असतात.

नोंद पूर्ण झाल्यावर ती अशी दिसेल

- काम आणि कार्यालय : शाळा छत दुरुस्ती, मुख्याधिकारी, नगर परिषद, निविदा क्रमांकासह
- प्रकार : सुरक्षा अनामत, बँक गॅरंटी, गॅरंटी क्रमांक, बँक आणि शाखा
- दिल्याची तारीख : ०३ जून २०२४
- हमीची रक्कम : १,९०,००० रुपये
- मार्जिन : ४७,५०० रुपये, मुदत ठेव पावती क्रमांकासह
- वैधता : ~~०८ मे २०२७, शनिवार~~ १९ ऑक्टोबर २०२७, मंगळवार
- मागणीची मुदत : ~~०८ मे २०२८~~ १९ ऑक्टोबर २०२८
- परतावा मागण्याची तारीख : ~~१० मार्च २०२७, अपेक्षित~~ २१ ऑगस्ट २०२७, शनिवार
- आधार : काम पूर्ण झाल्याचा दाखला २० ऑगस्ट २०२५, दोषदायित्व २४ महिने
- मूळ कागद परत मिळाल्याची तारीख : बाकी
- मार्जिन खात्यात जमा झाल्याची तारीख : बाकी

शेवटचे दोन रकाने मुद्दाम वेगळे आहेत. कागद परत आला म्हणून पैसे आले असं होत नाही. ४७,५०० रुपये व्याजासह बँक खात्यात दिसल्यावरच ही ओळ बंद करायची.